रिकव्हरी मोड आणि बायकोची वही

मी लोकांचे सर्व्हर सांभाळतो. पासवर्ड वहीत लिहिते म्हणून बायकोला कायम टोचून बोलतो. आणि आज सकाळी माझ्याच लिनक्स मशीनचा, कालच बदललेला पासवर्ड मला आठवेना!

अर्ध्या तासात ग्राहकाला काम दाखवायचं होतं. मशीन रीस्टार्ट केलं, दुरुस्तीसाठीचा रिकव्हरी मोड निवडला, मेनूतून सगळे अधिकार देणारं रूट शेल उघडलं. पासवर्ड बदलायची कमांड दिली, तर नकार. पुन्हा दिली, पुन्हा नकार. डिस्कच गेली की काय? मला दरदरून घाम फुटला.

मग डोक्यात प्रकाश पडला. इथे डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडलेली, म्हणजे माउंट केलेली असते! ती लिहिता येईल अशी रीमाउंट केली, तसा पासवर्ड बदलला. जीव भांड्यात पडला.

बायको मागेच उभी होती. "म्हणजे जुना पासवर्ड न विचारता कुणीही आत जाऊ शकतं?"

"मशीन हातात असेल आणि डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे सांकेतिक कुलूप लावलेली नसेल, तर."

"तुझी केलेली आहे?"

"नाही."

"आणि बोलणी माझ्या वहीला!"

तिने वही पुढे सरकवली. मी नवा पासवर्ड लिहिला आणि मशीन रीस्टार्ट केलं. लॉगिनची चौकट आली. माझी बोटं कीबोर्डवर तशीच थांबली.

"अगं," मी म्हणालो, "ती वही दे जरा."