स्टीलची पट्टी

माझ्या हाताखालून गेलेली मुलं मला पाठीमागे 'मिलिमीटर मास्तर' म्हणत. मला ते ठाऊक होतं आणि खोटं कशाला सांगू, आवडतही होतं. इकडे कन्नड मुलखातल्या शिवाजीनगरच्या आमच्या शाळेत मी सव्वीस वर्षं गणित शिकवलं आणि तेवढी वर्षं एकच गोष्ट घोकून घेतली: आधी मोजा, मग लिहा. आकृतीत दोन मिलिमीटर इकडे-तिकडे झाले की मी मार्क कापायचो. मुलांच्या आया भांडायला यायच्या. मी स्टीलची पट्टी काढून त्यांच्यासमोर मोजून दाखवायचो, आणि त्या निमूट परत जायच्या.

पंचाण्णव सालच्या जानेवारीतली गोष्ट. बसवनगुडीतला एक ट्रस्ट दरवर्षी दहावीच्या मुलांची भूमितीच्या आकृत्यांची स्पर्धा घ्यायचा. प्रत्येक शाळेतून दोन मुलं. पहिल्या येणाऱ्याला दोन वर्षांचं कॉलेज आणि वसतिगृह फुकट. आमच्याकडून त्या वर्षी कस्तुरी आणि शंभूराज गेले होते. शंभूराज गेला तो हजेरी लावायला. कस्तुरीचं मात्र सगळं त्या एका कागदावर होतं. तिचे वडील मानसिंग, ती त्यांना अप्पा म्हणायची, आमच्या शाळेमागच्या गल्लीत शिंपीकाम करायचे. त्यांनी मला सरळ सांगितलं होतं, "सर, पहिली आली तर शिकू दे. न्हाई तर जूनपासून मशीनवर बसवतो. तिसरी-चौथी येऊन मला काय उपयोग न्हाई."

मी म्हटलं होतं, "येईल पहिली. माझी जबाबदारी." असं बोलायची मला फार हौस.

डिसेंबरात मी सिटी मार्केटजवळून प्लास्टिकच्या पारदर्शक पट्ट्यांचा डझनाचा पुडा आणला आणि दहावीतल्या अकरा हुशार मुलांना एकेक पट्टी बक्षीस दिली. बारावी पट्टी माझ्या पिशवीत राहिली. कस्तुरी ती पट्टी रुमालात गुंडाळून कंपासपेटीत ठेवायची.

परीक्षक आम्ही दोघेच होतो. दुसऱ्या होत्या आसावरी, पुण्याहून नवऱ्याच्या कॉम्प्युटरच्या नोकरीपायी आलेल्या, कोरमंगलाच्या एका शाळेत नुकत्याच लागलेल्या. ट्रस्टचे त्रिविक्रम सर देखरेखीला. कागदांवर नावं नसत, फक्त नंबर. सहावा नियम असा होता की परीक्षकानं आपल्या शाळेचा कागद कुठला ते उघड केलं, तर त्या शाळेचे दोन्ही कागद बाद. तो नियम माझ्याच हट्टापायी आला होता. तीन वर्षांपूर्वी एका मास्तरानं आपल्या मुलाची फार तरफदारी केली, तेव्हा मी मीटिंगमध्ये तोंड सोडलं होतं. त्याच मीटिंगमध्ये मी आणखी एक नियम घालून घेतला: कुठल्याही मापात एक मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडला की प्रमाणाचे दहाच्या दहा मार्क गेले.

प्रश्न नेहमीचाच होता. चार आणि दोन सेंटिमीटर त्रिज्येची दोन वर्तुळं, केंद्रांत नऊचं अंतर. त्यांच्या बाहेरून जाणाऱ्या दोन समाईक स्पर्शिका काढा, लांबी मोजा, गणितानं पडताळा. नवाचा वर्ग एक्क्याऐंशी, त्यातून त्रिज्यांच्या फरकाचा वर्ग चार वजा. सत्त्याहत्तरचं वर्गमूळ, म्हणजे आठ पूर्णांक आठच्या जवळपास.

दुपारी दोनला आम्ही बसलो. आधी स्वच्छता: खोडाखोड, बोटांचे डाग, रचनेच्या रेषा फिकट आणि स्पर्शिका ठळक आहेत की नाही. कागद उलटा करून कर्कटकाच्या टोकाचं भोक बघायचं. भोक मोठं झालं असलं, तर हात हललाय समजायचं. मग नावं: केंद्रं, स्पर्शबिंदू, मध्यबिंदू, अक्षरं रेषेवर चढलेली नाहीत ना. शेवटी मापं. मी घरून ट्रेसिंग पेपरवर बिनचूक आकृती काढून आणली होती. ती वर ठेवली की चूक लपत नाही.

सतरा नंबरचा कागद हातात आला आणि मी चष्मा वर केला. छपाई केल्यासारखं काम. भोक सुईच्या टोकाएवढं, मोठ्या वर्तुळाच्या पोटात दोन सेंटिमीटरचं मदतीचं वर्तुळ अगदी फिकट, मध्यबिंदूवरून काढलेल्या वर्तुळानं त्याला छेदलं तिथे दोन्ही बिंदू स्वच्छ. स्वच्छतेला दहा, नावांना दहा. तोवरच्या बावीस वर्षांत मी असे दहा कुणाला दिले नव्हते.

मग ट्रेसिंग ठेवला. बसेना. एक केंद्र जुळवलं की दुसरं आत राही. स्टीलची पट्टी लावली. नवाच्या जागी पावणेनऊ. स्पर्शिका साडेआठ. आणि खाली सुंदर अक्षरात लिहिलेलं: मोजून आलेली लांबी ८.८, गणितानं ८.८.

माझं डोकंच फिरलं. आकृतीत साडेआठ आहे आणि मुलगी किंवा मुलगा लिहितो मोजून आठ पूर्णांक आठ. म्हणजे मोजलंच नाही. गणित केलं, उत्तर उचललं आणि मोजल्याचं नाटक केलं. खराब आकृती मी एक वेळ माफ करतो, पण हे करत नाही. मी लाल पेन काढलं आणि उत्तराशेजारी लिहिलं: न मोजता लिहिले आहे. अप्रामाणिक. खाली सही केली. प्रमाणाला शून्य.

"सर, एक मिनिट," आसावरी म्हणाल्या. त्यांच्यासमोर तेवीस नंबर होता, बराच गचाळ. "हाही सेम आहे. नवाचे पावणेनऊ, चाराचे तीन पॉइंट नऊ, स्पर्शिका साडेआठ. आणि यानं पण आठ पॉइंट आठ लिहिलंय."

"मग दोघांनी मिळून लबाडी केली असणार."

"पण नंबर बघा, दोघं वेगळ्या खोल्यांत होते. आणि हे रँडम नाहीये, सर. प्रत्येक माप त्याच प्रमाणात कमी आहे. मला वाटतं पट्टीच आखूड असेल. दोघांची एकाच कंपनीची."

मला हसू आलं. पुण्याची पोर मला पट्ट्या शिकवते. "आसावरीबाई, पट्टी कशी आखूड होईल? हे बघा," म्हणत मी पिशवीतली माझी बारावी पट्टी काढली आणि ऐटीत स्टीलच्या पट्टीशेजारी टेबलावर ठेवली. शून्याला शून्य लावलं.

प्लास्टिकची पंधराची रेघ स्टीलच्या चौदा पूर्णांक सहावर येत होती.

मी उचलून पुन्हा ठेवली. पुन्हा तेच. सतरा नंबर कोणाचा ते मला आता कळलं होतं. कस्तुरीनं मोजलं होतं. नक्की दोनदा मोजलं असणार. तिच्या पट्टीवर तिला आठ पूर्णांक आठच दिसलं होतं, आणि मी तिला अप्रामाणिक म्हणून सही ठोकली होती.

मी त्रिविक्रम सरांना बोलावलं. पट्ट्या दाखवल्या. म्हणालो, "सतराची आकृती खरी आहे. सगळी मापं सारख्या प्रमाणात कमी आहेत, म्हणून तर आकार जराही बिघडलेला नाही. दोष पट्टीचा आहे. पोराचा नाही."

ते सज्जन माणूस. त्यांनी चष्मा पुसून दोन्ही पट्ट्या नीट पाहिल्या. "सरी, ठीक आहे. पण रघुपती सर, त्या मुलाकडे हीच पट्टी होती हे तुम्हाला कसं ठाऊक?"

गप्प बसलो तर शून्य. बोललो तर बाद. मग वाटलं, निदान ते 'अप्रामाणिक' तरी जाईल.

"मीच वाटल्या," म्हणालो. "सतरा आणि तेवीस आमच्या शाळेचे."

त्यांनी मान खाली घातली. नियमांचा कागद त्यांना काढावा लागला नाही. दोन्ही नंबरांवर त्यांनी आडवी रेघ मारली. मी म्हटलं, निदान माझा शेरा मला खोडू द्या. ते म्हणाले, सही झालेल्या कागदावर परीक्षकानं पुन्हा पेन लावायचं नाही. हाही नियमच. मी वाद घातला नाही. कुठल्या तोंडानं घालणार?

पाच वाजता निकाल वाचला. पहिलं नाव जयनगरच्या एका मुलाचं. त्याचा कागद मी तपासला होता, नावं देण्यात दोन चुका होत्या. कस्तुरी तिसऱ्या रांगेत बसून शेवटच्या नावापर्यंत माझ्याकडेच बघत होती.

बसमध्ये मी तिला सगळं सांगितलं. शेरा सोडून सगळं. ती रडली नाही. तिनं कंपासपेटी उघडली, रुमाल सोडला आणि पट्टीकडे बघत राहिली. "मग सर, बाकीच्यांच्यापण पट्ट्या बदलाव्या लागतील. मार्चमध्ये बोर्डाचा पेपर आहे." मी हो म्हटलं. ते माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

दुकानात मानसिंग कुणाची तरी विजार उसवत बसले होते. मला बघून उठले. "या सर, स्वल्प बसा." मी उभाच राहिलो आणि सांगितलं. चूक माझी, असं स्पष्ट म्हणालो. ते चिडतील, निदान आवाज चढवतील, याची मी वाटच बघत होतो. त्यांनी मुलीच्या हातून पट्टी घेतली, गळ्यातली टेप तिच्याशेजारी ताणून धरली आणि बघितलं.

"आम्ही नवी टेप आणली की पहिल्याच दिवशी जुनीला लावून बघतो, सर," ते म्हणाले. "कापड एकदा कापलं की संपलं की." एवढंच. त्यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच मला तिथे उभं राहवेना.

मी म्हणालो, मी ट्रस्टला पत्र लिहीन, ओळखीच्या कॉलेजात बोलतो. ते "सरी, सरी" म्हणत राहिले, पाहुण्याला म्हणतात तसं. मग त्यांनी भिंतीकडच्या दुसऱ्या मशीनवरचा कापडाचा ढीग उचलून खाली ठेवायला सुरुवात केली. जून यायला अजून चार महिने होते.

मी माझी स्टीलची पट्टी कस्तुरीपुढे धरली. तिनं घेतली नाही. "तुम्हाला तपासायला लागते ना, सर," ती म्हणाली. मग जरा थांबून तिनं विचारलं, "माझा कागद शाळेत परत येईल ना? मला अप्पांना दाखवायचा आहे. पहिली आले नाही तरी, आकृती चांगली आली होती."

"सोमवारी येईल," मी म्हणालो.