पाऊण तासाचा केतू

सासऱ्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि सांगून टाकलं, "नाही. सहा महिने थांब."

सून समोरच्या खुर्चीत बसली होती. तिच्या मुठीत मोबाइल होता आणि मोबाइलवर त्या केंद्राचा निरोप होता. ती कृत्रिम हातपाय बनवणाऱ्या कार्यशाळेत काम करायची. गुडघ्याखाली पाय गेलेल्या माणसाच्या खुंटाचा प्लास्टरचा साचा घ्यायचा आणि त्यावरून घट्ट बसेल पण टोचणार नाही अशी वाटी घडवायची, यात तिचा हात बसलेला होता. आता दुसऱ्या शहरातल्या केंद्राने मांडीपासूनचा पाय बनवायला शिकण्यासाठी तिला बोलावलं होतं. वर्षभराचं शिक्षण, सुरुवात पुढच्या महिन्यात. होकार आज संध्याकाळपर्यंत कळवायचा होता आणि पुढची तुकडी केव्हा निघेल ते केंद्रालाही ठाऊक नव्हतं.

"सहा महिन्यांनी जागा उरणार नाही, बाबा."

"मग ती तुझी नव्हतीच म्हणायची. शनीच्या महादशेत केतूची अंतर्दशा चालू आहे तुला. केतू म्हणजे तुटणं. घरापासून तुटशील, काम अर्धवट टाकून येशील. सहा महिन्यांनी शुक्र लागेल, मग खुशाल जा."

पुढची खोली म्हणजे सासऱ्यांचं ऑफिस. एक टेबल, एक कॉम्प्युटर, दोन खुर्च्या आणि भिंतीला लागून एक बाक. बाकावर या क्षणी कोणी पत्रिका दाखवायला आलेलं नव्हतं, नुसता नवरा बसला होता. तो मूग गिळून बसण्यात पटाईत होता. लग्नाला वर्ष होत आलं तरी वडिलांसमोर त्याचं तोंड उघडलेलं तिने पाहिलं नव्हतं. सासूबाई दाराच्या चौकटीला टेकून वाटाणे सोलत होत्या.

सुनेला राग आला होता, पण केतूचा नाही. केतू तिला चांगला माहीत होता. लग्न होऊन आली तशी सासऱ्यांनी तिची आकडेमोड पाहिली आणि पत्रिका मांडायचं काम हौसेने तिच्यावर सोपवलं. शिकवलंही मनापासून, ते तिला नाकारता येत नव्हतं. राग होता तो त्यांच्या सोयीस्कर विसरण्याचा.

"आणि योगिनी?" तिने विचारलं.

"योगिनीचं काय?"

"विंशोत्तरी पद्धतीने शनी-केतू आहे, मान्य. पण योगिनी पद्धतीने मोजलं तर मला सिद्धा दशा चालू आहे. सिद्धा शुक्राची. ती अजून जवळजवळ वर्षभर आहे. एक दशा म्हणते थांब, दुसरी म्हणते जा. मग तुम्ही थांब म्हणणारीच का धरली?"

सासरे मऊ हसले. नवख्या गिऱ्हाइकाला समजवायचं तेव्हा हसायचे तसं. "विंशोत्तरी राजा आहे. एकशेवीस वर्षांचा हिशोब. योगिनी छत्तीस वर्षांत संपते आणि पुन्हा पहिल्यापासून फिरते. ती पुष्टीला घ्यायची. राजाच्या विरोधात तिचं ऐकायचं नसतं."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मोठ्या भाऊजींच्या वेळी ऐकलंत की," ती म्हणाली. "त्यांनी कारखान्यातली नोकरी सोडून स्वतःचं वर्कशॉप टाकलं तेव्हा त्यांच्या विंशोत्तरीत राहूची अंतर्दशा होती. ती पत्रिका मीच काढली होती, याच टेबलावर. तुम्ही म्हणालात, राहू असू दे, योगिनीत भद्रिका आहे, बुधाची दशा, धंद्याला उत्तम. जवळची घटना योगिनीच सांगते, विंशोत्तरी फार मोठी जाळी आहे. हे तुमचेच शब्द, बाबा. मुलाच्या वेळी जाळी मोठी होती, सुनेच्या वेळी तीच राजा कशी झाली?"

चौकटीजवळ वाटाणे सोलणं थांबलं. नवरा बाकावर जरा सरळ बसला.

"प्रत्येक पत्रिका वेगळी असते," सासरे म्हणाले. आवाजातलं हसू गेलं होतं.

"पत्रिका वेगळी असते. नियम वेगळा कसा असेल? दोन दशा भांडल्या तर काय करायचं, ते तुम्हीच शिकवलंत मला. आवडेल ती उचलायची नाही. आधी जन्मवेळ तपासायची."

या वाक्यावर सासऱ्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला. तेव्हाच तिला कळलं की त्यांनाही आठवलं आहे.

तिने कॉम्प्युटर स्वतःकडे वळवला. तिची पत्रिका उघडीच होती. वृषभ लग्न, चंद्र आर्द्रा नक्षत्रात, आणि कोपऱ्यात जन्मवेळ दुपारी सव्वादोन.

"मी सव्वादोनला जन्मले नाही. तीनला जन्मले. आईने तुम्हाला तेच सांगितलं होतं."

लग्न ठरवण्याच्या बैठकीतला तो प्रसंग तिला लख्ख आठवत होता. तिच्या आईने सांगितलं की हिचा जन्म बरोबर तीनचा, गिरणीच्या पाळीचा भोंगा वाजत होता. सासऱ्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाले, "बाळंतिणीला कसलं भान असतं? सव्वादोन असणार. मी वेळ शुद्ध करून घेतो." सगळे हसले. आईही हसली, कारण मुलीची आई होती आणि बैठक मोडायची नव्हती. सुनेने तेव्हा ते सोडून दिलं होतं. त्या वेळी तिला दशा येत नव्हत्या. आता येत होत्या.

"पाऊण तासाने काय बिघडतं?" नवऱ्याने विचारलं. वर्षभरात वडिलांसमोर काढलेला हा त्याचा पहिला शब्द, आणि तोसुद्धा नेमका प्रश्न.

"चंद्राला एक नक्षत्र ओलांडायला साधारण एक दिवस लागतो," तिने त्याला सांगितलं, पण ऐकवलं सासऱ्यांना. "जन्माच्या वेळी नक्षत्र जेवढं उरलेलं, तेवढीच पहिली दशा भोगायची उरते. दोन्ही पद्धतींत हेच. पण आर्द्रेला विंशोत्तरीत पहिली दशा राहूची, अठरा वर्षांची. योगिनीत पहिली मंगला, फक्त एका वर्षाची. म्हणजे त्याच एका दिवसात एकीकडे अठरा वर्षं कोंबलेली आणि दुसरीकडे एक. पाऊण तास इकडचा तिकडे केला की योगिनी अकरा-बारा दिवस हलते. विंशोत्तरी जवळजवळ सात महिने हलते. आणि पहिली दशा हलली की पुढच्या सगळ्या तेवढ्याच हलतात."

तिने वेळेच्या चौकटीत तीन वाजले असं भरलं आणि बटण दाबलं.

योगिनीचा तक्ता जवळजवळ होता तसाच राहिला. सिद्धा, आणि तिच्यात उल्केची अंतर्दशा. विंशोत्तरीचा तक्ता मात्र सरकला. केतू गेल्या महिन्यात संपला होता. शनीत शुक्र सुरू झाला होता.

"सिद्धा शुक्राची, उल्का शनीची," ती म्हणाली. "योगिनीत शुक्रात शनी, विंशोत्तरीत शनीत शुक्र. तेच दोन ग्रह, नुसती जागा बदललेली. वृषभ लग्नाला शुक्र लग्नेश आणि शनी योगकारक, म्हणजे दोघेही शुभच. दोन्ही दशा एकच सांगताहेत, बाबा. त्या कधी भांडल्याच नव्हत्या. तुम्ही एकीचा हात धरून तिला मागे ओढलं होतंत."

सासरे पडद्याकडे बघत राहिले. त्यांना हिशोब समजावून द्यायची गरज नव्हती. तिच्या दुप्पट वेगाने त्यांनी तो मनात केला असणार, आणि पुढचं पाऊलही त्यांना दिसलं असणार. सुनेलाही दिसलं होतं.

"तुम्ही का ओढलंत तेही मला आता कळतं," ती म्हणाली. "हॉल एकाच तारखेला मिळत होता. तीनची वेळ धरली तर लग्नाच्या तारखेला मला केतू लागत होता. सव्वादोन केलंत, केतू पुढे ढकलला आणि लग्न बुधात बसवलंत. आणि तोच ढकललेला केतू आज माझ्या वाटेत आणून उभा करताय."

मग चौकटीतून सासूबाईंचा आवाज आला.

"म्हणजे लग्न केतूत झालं?"

"झालं, आई."

"बरं झालं की मग. वर्ष तर चांगलं गेलं." त्यांनी वाटाण्याची पुढची शेंग उचलली. "अहो, त्या केतूला एवढं घाबरला होतात, त्याने काय केलं?"

सासऱ्यांना ते लागलं. सुनेच्या बोलण्याने लागलं नसेल एवढं लागलं. त्यांनी टेबलावरचा कागद उगाच सरळ केला आणि मग शहाण्या माणसासारखा मार्ग काढला.

"हे बघ," ते म्हणाले, "जायचंय ना तुला? जा. मी मोडता घालत नाही. होकार कळवून टाक. पण पत्रिका सव्वादोनचीच राहू दे. लग्न जमवलं ते त्या वेळेवर. चार लोकांना मी ती दाखवली आहे. उगाच बभ्रा नको."

हवं ते मिळालं होतं. नवऱ्याने तिच्याकडे पाहून हलकेच मान हलवली, आता घे, असं सुचवत. तिने होकार टाइप केला आणि पाठवला. पण राग उतरला नाही. उलट आता तो नीट पेटला.

कारण हे जाणं त्यांनी दिलं होतं, बक्षिशी दिल्यासारखं. आणि ती खोटी वेळ तशीच राहिली तर उद्या मूल केव्हा, परवा घर केव्हा, आजारपणात ऑपरेशन केव्हा, हे सगळं त्या सव्वादोनवरून मोजलं जाणार होतं. दर वेळी दशा भांडणार, आणि दर वेळी कोणती खरी ते हेच ठरवणार. जन्म तिचा. कळा सोसल्या तिच्या आईने. आणि भान नव्हतं म्हणे आईला. ज्या बाईने तो भोंगा ऐकत मूल बाहेर आणलं, तिला एका परक्या माणसाने पाऊण तासाने खोटं पाडलं, आणि खोलीतले सगळे हसले होते. आपणही हसलो होतो का, हे तिला आठवेना, आणि त्याचा तिला आणखीच संताप आला.

"नाही," ती म्हणाली.

तिने आईचा नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि मोबाइल सासऱ्यांपुढे ठेवला.

"विचारा."

"आता कशाला ते?"

"विचारा, बाबा. तेव्हा तुम्ही सांगितलं होतं. आता विचारा."

घंटी वाजत होती. सासऱ्यांनी मुलाकडे पाहिलं. तो बाकावरून उठला आणि बायकोच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. सासूबाईंनी वाटाण्याचं ताट खाली ठेवलं.

"हॅलो," आईचा आवाज आला. "काय गं, सगळं ठीक ना?"

सासऱ्यांनी घसा खाकरला. "विहीणबाई, मी बोलतोय. एक विचारायचं होतं. हिचा जन्म नक्की किती वाजताचा?"

मग आई सावकाश बोलली. त्या बैठकीत बोलली होती, त्यापेक्षा मोठ्या आवाजात.

"तीनचा. मी तेव्हाही तीनच म्हणाले होते. भोंगा वाजत होता आणि तो थांबायच्या आत ही रडली. मला भान होतं."

"हो," सासरे म्हणाले. "तीन."

सुनेने कीबोर्ड त्यांच्यासमोर सरकवला. तीनच्या वेळेची पत्रिका तिने अजून जतन केली नव्हती. ते बटण त्यांनी स्वतः दाबलं.