गोळीचा रंग

सुट्टी संपून शाळा उघडली, त्या दिवशी आरोग्य केंद्राची सिस्टर वर्गात गोळ्यांची कार्डे तपासत होती. आठवड्याची गोळी घेतली की चौकटीत खूण करायची, एवढेच ते कार्ड. मुली खिदळत होत्या. एकीने तोंडाला रुमाल लावून विचारले की शी काळी होते, त्याचे काय? होऊ दे, लोह आहे ते, सिस्टर म्हणाली. जेवणानंतर घ्यायची, वर लिंबूपाणी. चहा मात्र तासभर आधी नाही आणि नंतरही नाही.

काडीचा बाक रिकामा होता. अंगाने काडी, म्हणून वर्गाने ठेवलेले नाव. शेजारणीने मान खाली घालून सांगितले, "सकाळी तिला भावाने पट्ट्याने मारलं. गोळ्यांवरून."

सिस्टरला आपण वाटलेल्या गोळ्या आठवल्या. सुट्टीआधी मुलींच्या निळ्या गोळ्या संपल्या होत्या. कपाटात गरोदर बायकांना द्यायच्या लाल होत्या. औषध तेच, मात्राही तीच. तिने सुट्टीपुरत्या त्याच वाटून टाकल्या. रंगाने काय फरक पडतो?

ती कार्डे तशीच टाकून निघाली.

काडीच्या घराचे दार उघडे होते. भिंतीवर रक्ताचा ओघळ, फुटलेला माठ, पाण्यात केसांचा पुंजका. काडी कोपऱ्यात पडलेली. पाठीवर पट्ट्याचे वळ, एक डोळा सुजून मिटलेला. भाऊ गॅरेजमध्ये मेकॅनिक होता. हाताला ग्रीस, पट्टा अजून मुठीत. वहिनी चुलीपाशी उभी, तिचे बाळ झोळीत.

काडी गोळी रिकाम्या पोटी घ्यायची आणि सकाळी ओकायची, हे वहिनीकडूनच कळले. ओकारी वहिनीने ऐकली, उशीखालची लाल गोळी ओळखली. बाळाच्या वेळी तिलाही त्याच मिळाल्या होत्या. नवऱ्यापाशी 'हिला दिवस गेलेत' असे तिच्या तोंडून निघून गेले, आणि त्याने बहिणीला नाव विचारायला सुरुवात केली. काडी कुणाचे नाव सांगणार?

"गोळ्यांची हौस ना? घातल्या सगळ्या घशात," भाऊ म्हणाला. "गुडघा छातीवर ठेवला तेव्हा गिळल्या. ओकली पुष्कळ. आता बघा, गप पडलीय, बरी आहे."

जमिनीवर रिकामी पाकिटे पसरली होती. काडीला दिलेल्या चार गोळ्यांच्या कितीतरी पट.

"एवढ्या आल्या कुठून?"

वहिनीचे ओठ हलले. "माझ्या. मी एकही खाल्ली नव्हती. मळमळायचं. तुम्ही विचारलं की हो म्हणायचे."

दर भेटीला सिस्टरने तिच्या कार्डावर खुणा केल्या होत्या. तिच्या गोळ्यांच्या डब्यात हात घालून कधी पाहिले नव्हते.

"ती बरी नाही," सिस्टर भावाला म्हणाली. "एवढं लोह पोट जाळतं. उलट्या थांबतात, माणूस शांत होतं आणि मग यकृत जातं. दवाखान्यात न्यायला हवं, आत्ता. ती गरोदर नाही. तशी गोळी मुलींचीही असते, रंग माझ्यामुळे बदलला."

"म्हणजे तूच हिला वाईट वाटेला लावलीस."

पट्ट्याचे बक्कल तिच्या गालावर बसले. दुसऱ्या फटक्याला ती भिंतीवर आपटली, तोंडात रक्ताची चव आली. तिसऱ्याला तिने हात आडवा घातला आणि बोटातून कट्कन आवाज आला. त्याने तिची मान धरून तिला दाराकडे ढकलले. ती फिरून परत आली. काडीच्या काखेत हात घालून तिला ओढू लागली. त्याने लाथ घातली, ती काडीच्या अंगावर पडली. काडी कण्हली आणि तिच्या ओठांतून काळपट रक्त आले.

ते बघून वहिनीने चुलीवरचा तापलेला तवा उचलला आणि नवऱ्याच्या मनगटावर टेकवला. तो ओरडत पाण्यासाठी मोरीत शिरला. तिने मोरीचे दार ओढून बाहेरून कडी घातली. बाळाला झोळीतून उचलले आणि दोघींनी मिळून काडीला रिक्षात टाकले. मागे दारावर धडका बसत होत्या.

डॉक्टरांनी किती गोळ्या, किती वेळ झाला, एवढेच विचारले. वहिनीने आपली सगळी पाकिटे सांगितली, एकही लपवले नाही. रक्तातले लोह फार चढले होते. उताऱ्याचे सलाईन लागले. पोटात दुखले म्हणून काडी ओरडली, मग निपचित झाली, मग पुन्हा ओरडली. दुसऱ्या दिवशी लघवी तांबूस झाली. औषध लोह बाहेर काढतेय, डॉक्टर म्हणाले. त्यानंतरच्या सकाळी तिने पाणी मागितले आणि ते पोटात राहिले.

मोरीचे दार शेजाऱ्यांनी पहिल्याच दिवशी उघडले होते. आता भाऊ हाताला चिंधी बांधून दवाखान्याच्या फाटकात येऊन उभा राहिला. सिस्टरच्या गालाला टाके होते, बोट पट्टीत होते. तरी ती उठली.

वहिनीने तिला खाली बसवले. "तुम्ही पोलिसांना बोलवा. गोळ्या कुणी घातल्या ते मी सांगते, तव्याचंही सांगते."

बाळाला कडेवर घेऊन ती वॉर्डाच्या उंबऱ्यात आडवे पाय पसरून बसली.