बैलांना एकेक बाटली

भूमिका तिवारी रीव्याची. बुऱ्हाणपूरला गुरांची डॉक्टर म्हणून आली, तेव्हा हिंदीवर सहज भागलं असतं. पण खेड्यातल्या म्हाताऱ्या आपसात मराठीत काहीतरी बोलून हसायच्या, ते तिला सहन होईना. म्हणून ती घरमालकीण लीलाबाईंकडे रोज संध्याकाळी मराठी शिकायला बसू लागली. लीलाबाई शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांचा नियम एकच : वाक्य लहान, पण पूर्ण.

"मूल. मुलाला खाऊ द्या. मुलं. मुलांना खाऊ द्या. घर, घरामध्ये. घरं, घरांमध्ये. एकाला 'ला', पुष्कळांना 'ना', आणि त्याच्या आधी अक्षरावर टिंब."

महिनाभरात भूमिकाला धीर आला. दापोऱ्याच्या गोदाबाईंचा म्हातारा बैल दोन दिवस शेण टाकत नव्हता. तो अंगणात लिंबाखाली मान टाकून उभा होता. भूमिकानं त्याचं पोट तपासलं, पोट साफ करायच्या औषधाच्या तीन बाटल्या काढल्या आणि ठरवून मराठीत बोलली.

"एकेक बाटली बैलांना द्या. बैलांना गोठ्यांमध्ये बांधा. ऊन लागू देऊ नका."

"तिघांना?" गोदाबाईंनी विचारलं.

भूमिकाला वाटलं, तीन दिवस का, असं त्या विचारतायत. "हो, तीन," ती म्हणाली, आणि समाधानानं मोटरसायकलला किक मारली.

गोदाबाईंकडे या म्हाताऱ्याशिवाय धडधाकट बैलांची एक जोडी होती. बाटल्या तीन, बैल तीन. त्यांनी नवऱ्याला, लोटूकाकांना, हाक मारली आणि दोघांनी मिळून तिघांच्याही तोंडात एकेक बाटली रिकामी केली.

"आता गोठ्यांमध्ये," गोदाबाई म्हणाल्या.

"आपला तर एकच गोठा."

"डॉक्टरीण काही उगाच सांगल? रोग पसरत असल. वेगवेगळे बांधायचे."

मग जोडीतला एक बैल शेजारच्या सरुबाईंच्या गोठ्यात गेला, दुसरा पलीकडच्या समाधानच्या. समाधाननं तर आदल्याच दिवशी गोठ्यात नवी फरशी बसवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला भूमिकाचा फोन वाजला. पलीकडून गोदाबाई, मागं सरुबाई आणि त्यांच्याही मागं समाधान, तिघंही एकदम बोलत होती. तिला "बैल" आणि "औषध" एवढेच शब्द कळले. "बैल" म्हणजे एक की अनेक, हे काही कळलं नाही. बोलणं नीट कळावं म्हणून तिनं लीलाबाईंना सोबत घेतलं.

म्हातारा बैल मजेत चारा खात होता. जोडी मात्र गळून गेली होती. कपाशीत तण काढायची कोळपणी तशीच पडलेली, आणि समाधानची फरशी दिसतच नव्हती.

"पण मी एकाच बैलाचं सांगितलं होतं!" भूमिका म्हणाली.

"एकाचं? तुम्ही 'बैलांना' म्हणालात," गोदाबाई म्हणाल्या. "आमच्यात 'बैलाले' म्हणतात. पण 'ला' आणि 'ना' मले बी कळतं, हो."

लीलाबाई कपाळाला हात लावून उभ्या राहिल्या. "अगं, 'बैलांना' का म्हणालीस?"

"तुम्हीच शिकवलंत ना, वडिलांना, काकांना. मोठ्यांना मान द्यायचा तर एकाला पण 'ना'. हा बैल यांच्या घरातला सगळ्यात मोठा. मी मान दिला."

मग लोटूकाका असे हसले, की त्यांना खाटेवर बसावं लागलं. गोदाबाईंना राग धरायचा होता, पण ओठ ऐकेनात.

"मान? याला? सोळा वर्षं याच्या लाथा खातेय मी."

"आणि गोठ्यांमध्ये?" समाधाननं विचारलं. त्याला अजून हसू आलं नव्हतं. "गोठ्याला कशाला मान?"

भूमिकानं जीभ चावली. "ते चुकलं," ती म्हणाली. "गोठ्यामध्ये म्हणायचं होतं."

तिनं जोडीला मीठ-गुळाचं पाणी पाजलं, नुसता चारा घाला म्हणून सांगितलं, आणि दोन दिवस जुंपू नका असंही. मग सलवार वर खोचून समाधानची फरशी धुवायला घेतली. तो नको नको म्हणत राहिला, पण पाण्याची बादली आणून देत होता. लीलाबाईही खराटा घेऊन आल्या.

"शिकवणाऱ्याची चूक अर्धी तरी असते," त्या म्हणाल्या, आणि खराट्याच्या तालावर सुरू झाल्या, "फरशी. फरशीला. फरश्या."

"फरश्यांना," भूमिका दम टाकत म्हणाली.

तिसऱ्या दिवशी जोडी पुन्हा कोळप्याला लागली. पुढच्या आठवड्यात सरुबाईंनी तिला रस्त्यातच अडवलं. त्यांच्या शेळ्या खोकत होत्या.

भूमिकानं पिशवी उघडली, पण औषधाला हात लावला नाही. आधी वही काढली.

"किती शेळ्या आहेत?"

"पाच."

"खोकतात किती?"

"दोन."

"मग त्या दोघींना," भूमिका म्हणाली, आणि दोन बोटं वर करून सरुबाईंनी ती मोजेपर्यंत थांबली.