झेंड्याचा खांब

मुलुंडच्या ‘गुरुकृपा’ सोसायटीत त्या वर्षी सगळ्यांच्या तोंडी देवव्रतचं नाव होतं. त्यानं गच्चीवर वीजरोधक बसवून घेतला होता. टोकदार दांडा, त्याला जोडून भिंतीवरून सरळ खाली उतरलेली पट्टी आणि ती जिथे जमिनीत शिरते तिथे झाकणाचा अर्थिंगचा खड्डा.

नंदकिशोरला ते बघवेना. दत्तजयंतीचं कीर्तन इतकी वर्षं तो करवून घेत होता, त्याला कुणी असं मान वर करून पाहिलं होतं? या खेपेला त्यानं गच्चीवर भगव्या झेंड्यासाठी लोखंडी खांब उभा केला. चांगला ऑइलपेंट मारलेला. आणि मुद्दाम, दांड्याहून हातभर उंच.

सकाळी देवव्रत वर आला. खांब बघून त्याचा चेहरा पडला.

“नंदू, वाट लागली ना रे! सगळ्यात उंच लोखंड आता तुझं. वीज पडली तर आधी याच्यावर. आणि याला खाली जायला वाटच नाही. घुसेल स्लॅबमध्ये, नाहीतर उडी मारेल पाण्याच्या टाकीकडे.”

“तुझ्या दांड्याचा मान गेला म्हणून बोलतोस.”

“मान गेला खड्ड्यात! खाली घर तुझंच आहे.”

क्षमा, नंदकिशोरची बायको, झेंडा इस्त्री करून वर घेऊन आली होती. “अहो, खरंय का हे? आपल्याच डोक्यावर?”

नंदकिशोरनं खांबाकडे वर पाहिलं. खांब कापावा, तर झेंडा दांड्याच्या खाली जाणार.

“कापू नकोस,” देवव्रत म्हणाला, “माझ्या पट्टीला जोडू. पण दुपारनंतर अवकाळी ढग येतायत हल्ली. आत्ताच करू.”

माझ्या पट्टीला! नंदकिशोरला तो ‘माझ्या’ बोचला. पण तो खाली बसला आणि जिथे क्लॅम्प यायचा तिथला रंग स्वतः खरवडू लागला. रंगावर क्लॅम्प बसवला तर धातूला धातू लागत नाही, हे त्यालाही कळत होतं. पांढरं लोखंड दिसेपर्यंत तो घासत राहिला. देवव्रतनं पट्टीचा तुकडा जोडून नट आवळले, मीटर लावून पाहिलं.

“झकास. आता वीज आधी तुझ्याकडे येणार बघ, मग माझ्याकडे.”

नंदकिशोर क्षणभर खुलला. क्षमाला म्हणाला, “बांध झेंडा.” मग त्याची नजर पट्टीवरून घसरत खाली गेली. येईल माझ्याकडे, पण उतरेल याच्याच पट्टीवरून, याच्याच खड्ड्यात. दत्तगुरू, हे काय मन दिलंत!

“देवव्रत, खड्ड्याची माती कोरडी पडते तेव्हा पाणी कोण घालतं रे?”

“वॉचमन. आठवण केली तर. माती ओली नसेल तर वीज जमिनीत नीट मुरत नाही.”

“राहू दे त्याला. पाणी मी घालणार,” नंदकिशोर बजावून म्हणाला, “आणि तू मध्ये यायचं नाहीस.”