मापाबद्दल शंका असल्यास

चूक मास्तरांच्या लक्षात आली ती कापड कापून झाल्यावर. म्हणजे यायला नको तेव्हाच.

मास्तर म्हणजे कारखान्यातले कटिंग मास्तर. कारखाना त्यांच्या भाच्याचा. शिवणाऱ्या बायका भाच्याला मालक म्हणत आणि मास्तरांना मास्तर. घरात मात्र ते नुसते मामा. अंगाने किडकिडीत, बोलायला त्याहून किडकिडीत. दुकानदार खरेदीला आले की ते कापडाच्या तागांमागे काहीतरी शोधायला जात आणि दुकानदार जाईपर्यंत ती वस्तू त्यांना सापडत नसे.

झालं होतं असं. प्रत्येक मापाचे पुठ्ठ्याचे नमुने भिंतीवर खिळ्यांना टांगलेले असत. दाराजवळच्या खिळ्याला सगळ्यात लहान माप, एम. मग एल, एक्सएल, आणि खिडकीपाशी डबल एक्सएल. भिंतीला रंग देताना सगळं उतरवलं आणि परत टांगणाऱ्याने उलट्या बाजूने सुरुवात केली. मास्तरांनी सवयीने हात घातला. कुर्त्याच्या एका सेटमध्ये सहा नग, दोन एम, दोन एल, एक एक्सएल आणि एक डबल एक्सएल, हे त्यांच्या हातांना इतकं पाठ होतं की डोळ्यांना विचारायची गरजच पडत नसे. दाराजवळच्या दोन खिळ्यांवरचे नमुने दोन दोन वेळा आखले, खिडकीजवळचे एकेकदा. आखणी नेहमीपेक्षा लांब झाली, कापड जास्त लागलं. मास्तर मनात म्हणाले, यंदा कापडाचा पन्हा कमी आलेला दिसतोय. मग तीन रंगांच्या कापडाचे थर एकावर एक अंथरून त्यांनी मशीन चालवलं.

गठ्ठे बांधून त्यांवर मापाच्या चिठ्ठ्या लावताना मोठ्या मापांचे गठ्ठे संपेनात, तेव्हा त्यांनी भिंतीवरचे नमुने वाचून पाहिले. लहान मापांचे नग निम्मे आणि मोठ्यांचे दुप्पट. मोठं कापून लहान करता येतं हे खरं, पण खांदा, मुंढा, गळा सगळं परत बेतायचं म्हणजे नव्याने कापण्याएवढीच मजुरी आणि कापडाची नासाडी वेगळी.

त्यांनी भाच्याला सांगितलं. भाचा रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता म्हणाला, "बघू मामा, काढू काहीतरी वाट." मामाला कोण काय बोलणार? हेच तर मास्तरांना टोचत होतं. त्यांच्या जागी दुसरा कोणी असता तर त्याला दोन शब्द ऐकून घेता आले असते आणि मोकळं होता आलं असतं. आपल्याला नात्याने सांभाळून घेतलं जातंय, हा विचार त्यांच्या डोक्यात शिरला आणि तिथेच बिऱ्हाड करून बसला. हा माल पडून राहिला, तर महिनाअखेर आपण होऊन घरी बसायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. कोणाला सांगितलं नाही. सांगायचं तर बोलावं लागलं असतं.

कुर्ते शिवून, इस्त्री होऊन घड्या पडल्या. आता कॅटलॉगची पाळी. ते काम भाचेसुनेचं. ती कुर्त्यांचे फोटो काढी, प्रत्येकाखाली मजकूर लिही आणि दुकानदारांना फोनवर पाठवी. त्या मजकुरावरच दुकानदार ऑर्डर देत. कपडा हातात घेऊन पाहायला कोण एवढ्या लांब येतो?

भाच्याचं म्हणणं सोपं होतं. नेहमीसारखं लिही, एम ते डबल एक्सएल, सहा नगांचा सेट. कुठल्या मापाचे किती ते लिहूच नको. उघडल्यावर कळेल.

"आणि कळल्यावर?" भाचेसुनेने विचारलं.

"भांडतील थोडं."

"अहो, भांडले तर बरंच. दुकानदार भांडत नाही, तो पुढचा कॅटलॉग उघडत नाही."

मास्तर कापणीच्या टेबलाशी पाठ करून उभे होते. त्यांना वाटलं, ताग आणखी दोन-चार असते तर बरं झालं असतं. भाचेसून त्यांच्याकडे आली आणि कुर्ता पुढ्यात पसरून तिने विचारलं, यातला डबल एक्सएल म्हणजे छातीला खरं किती? मास्तरांनी टेप न लावताच सांगितलं, शेहेचाळीस. मग तिने बाकीची मापं विचारली, दंडाचा घेर विचारला, धुतल्यावर किती आटेल ते विचारलं. मास्तर सांगत गेले. चुकीबद्दल ती काही बोलली नाही. पण ती टाळतेय असंही वाटलं नाही. भाजी शिल्लक राहिली तर तिचं काय करावं हे जितक्या शांतपणे बघतात, तितक्याच शांतपणे ती बघत होती.

मग तिने मजकूर लिहिला आणि दोघांना वाचून दाखवला.

"डिझाइन क्रमांक चारशे सतरा. पुढून बटणांचा सुती कुर्ता, दोन खिसे. रंग तीन. सेट सहा नगांचा. एम एक, एल एक, एक्सएल दोन, डबल एक्सएल दोन. या सेटमध्ये मोठी मापं जास्त आहेत, ते पाहूनच मागवा. तयार कपड्याची छाती अनुक्रमे चाळीस, बेचाळीस, चव्वेचाळीस, शेहेचाळीस इंच. कमीत कमी ऑर्डर, कोणत्याही एका रंगाचा एक सेट. सेट फोडून मिळणार नाही. भाव फक्त दुकानदारांसाठी. दुकानाचं नाव आणि गाव लिहून याच नंबरवर मेसेज करा. मापाबद्दल शंका असल्यास दुपारी तीन ते पाच फोन करा, कपडा बेतणारे मास्तर स्वतः सांगतील."

भाच्याची हरकत कमीत कमी ऑर्डरला होती. आपण नेहमी तिन्ही रंगांचे मिळून तीन सेट घ्यायला लावतो, एकेक सेट बांधून पाठवत बसायला परवडतं का? ती म्हणाली, जे कोणी मागत नाही ते घ्या म्हणतो आपण, मग निदान चाखून तरी बघू दे. मास्तरांची हरकत शेवटच्या ओळीला होती. पण हातून एवढी मोठी चूक झालेल्या माणसाने फोन घेणार नाही म्हणणं शोभलं नसतं. शिवणाऱ्या बायकांमध्ये मात्र दिवसभर तोच विषय. मास्तर फोनवर बोलणार म्हणजे पलीकडच्याला वाटेल लाइन गेली, असं एकजण म्हणाली आणि मशीनं थांबवून सगळ्या हसल्या. मास्तरही हसले, खाली मान घालून.

पहिले दोन दिवस नेहमीच्या दुकानदारांची उत्तरं आली. एकाने लिहिलं, एवढी मोठी मापं माझ्या दुकानात धूळ खातील. दुसऱ्याने विचारलं, तुमच्या मास्तरांनी चष्मा बदलला की काय? तो मेसेज भाच्याने पटकन सरकवला, पण मास्तरांनी वाचला होता. दुपारी तीन ते पाच ते फोनशेजारी बसून राहिले, परीक्षेच्या हॉलबाहेर बसावं तसे. फोन वाजला नाही, याचं त्यांना दुःखही होत होतं आणि हायसंही वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी वाजला.

पलीकडे एक बाई होत्या. लहानसं दुकान होतं त्यांचं, एका खोलीचं. त्या लगेच मुद्द्याला आल्या. तुमचं शेहेचाळीस म्हणजे खरं शेहेचाळीस का? कारण डबल एक्सएल लिहून येतं आणि बाईच्या दंडात अडकतं. मग ती बाई आरशासमोर रडवेली होते आणि म्हणते, माझंच चुकलं, मीच वाढले.

मास्तरांना एकदम वाईट वाटलं. ते म्हणाले, "त्या बाईचं नाही चुकलेलं. छाती वाढवतात आणि दंड तसाच ठेवतात, कापड वाचवायला." मग त्यांनी आपल्या कुर्त्याचा दंड किती, मुंढा किती खोल, ते सांगितलं. दुकानात ज्या बाईला नीट बसतो असा एखादा कपडा असेल तर तो सपाट पसरून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजा आणि दुप्पट करा, असंही सांगितलं. बोलता बोलता ते फोन कानाला लावूनच उभे राहिले आणि पुठ्ठ्याच्या नमुन्यावर बोट फिरवून दाखवू लागले, जणू बाईंना दिसतंय.

बाईंनी विचारलं, "एक सांगा. सगळे सेटमध्ये मोठं माप एकच देतात. तुम्ही दोन दोन कसे काय दिलेत?"

मशीनं चालू होती, पण मास्तरांना वाटलं सगळ्या ऐकताहेत. काहीही सांगता आलं असतं.

"चुकून झालं," ते म्हणाले. "नमुने उलटे टांगले होते. मी बघितलं नाही."

पलीकडे बाई हसल्या, अगदी मनापासून.

"अहो मास्तर, ही चूक जरा आधी नाही का करायची? मी प्रत्येक वेळी सेट घेते, मोठं माप पहिल्या दिवशी जातं आणि लहान मापं मी वर्षभर झटकत बसते."

त्यांनी निळ्या रंगाचा एक सेट मागवला. एकच. कमीत कमी ऑर्डर एकाच सेटची आहे म्हणून फोन केला, म्हणाल्या, तीन घ्यायला सांगितलं असतं तर केलाच नसता. नाव आणि गाव मेसेजवर पाठवते म्हणाल्या. फोन ठेवल्यावर मास्तर पाणी प्यायले.

एका सेटने काय होतंय? पण तो सेट पोहोचला आणि आठवड्याच्या आत बाईंनी बाकीच्या दोन रंगांचे सेट मागवले. शिवाय त्यांच्या ओळखीच्या एका दुकानदारीणबाईंचा फोन आला, मग त्यांच्या नणंदेचा, तिचंही दुकान होतं. त्या सगळ्या मजकूर एकमेकींना पाठवत होत्या. फोटो नव्हे, मजकूर. मोठी मापं जास्त आहेत, ही भाच्याला लपवावीशी वाटलेली ओळ वाचूनच त्या फोन करत होत्या. सगळाच माल हातोहात गेला असं नाही. पिवळे कुर्ते रेंगाळले, पिवळा कोणाला नको होता. पण मांडणी रिकामी होत चालली आणि नेहमीचा एक दुकानदारही, धूळ खाईल म्हणणारा, एक सेट बघायला पाठवा म्हणाला.

महिनाअखेर आली. घरी बसण्याबद्दल मास्तरांनी जुळवलेली चार वाक्यं अजून त्यांच्या डोक्यात होती. ती बोलायची वेळ येण्याआधीच भाचा नवीन कापडाचा ताग खांद्यावर घेऊन आला आणि टेबलावर टाकून म्हणाला, "मामा, पुन्हा तीच चूक करायची आहे. जमेल ना?"

"बघतो," मास्तर म्हणाले. "या वेळी मुद्दाम करायची म्हणजे लक्ष द्यावं लागेल."

शिवणाऱ्या बायका हसल्या. मास्तरांनी नमुने खिळ्यांवरून काढले आणि प्रत्येकावरचं माप वाचून पाहिलं, दोनदा.

दुपारी भाचेसून नवा मजकूर लिहीत बसली होती. तिने मास्तरांना बोलावलं. मापं तीच ठेवतेय, कमीत कमी ऑर्डर तीच, पण खालची फोनची ओळ काढून टाकते, म्हणाली. तुम्हाला त्रास झाला मामा, मला कळत होतं. तेव्हा दुसरं काही सुचलं नाही, म्हणून लिहिली होती.

मास्तर उभेच राहिले. आपल्या हातून झालेली चूक तिने झाकली नाही, उघड्यावर मांडली आणि त्या चुकीशेजारी आपल्यालाही बसवलं, म्हणून आपण आज या टेबलाशी आहोत. हे तिला सांगायला हवं होतं. त्यासाठी लागणारे शब्द त्यांनी पुस्तकांत पुष्कळ वाचले होते, पण त्यांतला एकही वेळेवर हाताशी आला नाही.

"ती ओळ राहू दे," ते म्हणाले.

तिने वर पाहिलं.

"आणि तीन ते पाच नको, तीन ते सहा लिही. बायका दुकान आवरून मग करतात फोन."

एवढं बोलून ते तागांच्या मागे गेले. मागे काही शोधायचं नव्हतं. थोडा वेळ तिथे उभे राहिले, डोळे पुसले आणि फोन वाजला तसे लगबगीने बाहेर आले.