पत्रातल्या त्या

"हे काय लाल करून ठेवलंयस?" चंद्रहासनं छापील पान विद्याच्या टेबलावर टाकलं. ओमानमधल्या रुवीतल्या त्या अनुवाद कार्यालयात बाकी चौघांनी माना आपापल्या स्क्रीनमध्ये घातल्या.

मार्च २०१५ होता. मत्रहच्या बंदराजवळ एक लहानसं खाजगी संग्रहालय उघडणार होतं. तिथल्या एका फलकासाठी १९०३ सालचं रशियन पत्र आलं होतं, एका जहाजावरच्या डॉक्टरनं लिहिलेलं. पहिलं पान हरवलेलं. दुसऱ्या पानावर किनाऱ्यावरच्या एका शेडमधल्या पटकीच्या रुग्णांची, आणि आत जाऊन त्यांना आंघोळ घालणाऱ्यांची हकिगत. चंद्रहास हा कार्यालयाचा मॅनेजर. त्यानं ऐंशीच्या दशकात खारकोवला इंजिनिअरिंग केलं होतं आणि रशियन तो फाडफाड बोलायचा. पत्र त्यानं आजच्या लेखनपद्धतीत टाइप केलं, त्यावरून इंग्रजी केलं आणि इंग्रजीवरून अरबी करून घेतलं. विद्याही रशियन शिकलेली, पण तिच्याकडे फक्त तपासणी होती. तिनं मूळ स्कॅन उघडून बसायची काही गरज नव्हती, असं त्याचं म्हणणं.

"सर, शेडमध्ये गेले ते पुरुष नव्हते. बायका होत्या."

"कुठं लिहिलंय?"

तिनं स्कॅन मोठा केला. "१९१८ च्या आधी रशियनमध्ये 'ते' आणि 'त्या' वेगळे लिहायचे. पुरुष असले, किंवा बायका-पुरुष मिळून असले तर они, 'अनी'. सगळ्या बायका असल्या तर онѣ, 'अन्ये', शेवटी हे 'यात्' अक्षर. इथं तेच आहे. पुढं 'एकट्याच' या शब्दातही तेच, однѣ, 'अद्न्ये'."

"मला रशियन शिकवतेस? यात् काढायचं, त्या जागी 'ये' हे अक्षर टाकायचं. शब्दाच्या शेवटचं मुकं चिन्ह गाळायचं. झालं आधुनिक."

"एरवी तसंच. पण या शब्दांचं नव्या पद्धतीत они, одни, म्हणजे 'अनी', 'अद्नी', असंच होतं. तुम्ही टाइप केलेलं नियमानं बरोबर आहे, सर. चूक नंतर झाली. तुम्ही अनुवाद नव्या प्रतीवरून केलात, आणि ती खूण तिथं उरलीच नव्हती. क्रियापदातूनही कळत नाही, भूतकाळी अनेकवचनात लिंग नसतं."

"डॉक्टर घाईत होता. चुकला असेल."

"खाली खलाशांबद्दल लिहिताना त्यानं तीनदा они लिहिलंय. एकदाही चुकला नाही."

"स्त्रीलिंगी शब्द असेल काही. होड्या असतील!"

"होड्या रुग्णांना आंघोळ घालत नाहीत, सर."

कुणीतरी खुदकन हसलं. विद्याला तेव्हाच कळलं, आता हे प्रकरण अक्षराचं राहिलेलं नाही.

चंद्रहास हळू आवाजात बोलला, "क्लायंटला फाइल गेलीय, माझ्या सहीनं. खलास. आणि दुसरीकडे नोकरी बघतेयस, हे मला माहितेय. एनओसी माझ्या हातात आहे, लक्षात ठेव."

एनओसी, म्हणजे मालकाचं ना-हरकत पत्र, नाही तर दोन वर्षं ओमानमध्ये दुसरी नोकरी नाही. विद्या घरी गेली आणि जेवलीच नाही. शेडमध्ये गेलेल्या बायकांची नावं हरवलेल्या पानावर होती की नव्हतीच, कोण जाणे. निदान त्या बायका होत्या एवढं तरी उरलं होतं, आणि तेही आता ही माणसं पुसायला निघाली होती.

सकाळी ती स्कॅनची प्रिंट घेऊन मत्रहला गेली. संग्रहालयाचं काम जोहरा बघायची, मत्रहचीच, भारतीय शाळेत शिकलेली, हिंदी अस्खलित. तिनं सगळं उभ्यानंच ऐकलं.

"दहा दिवसांवर उद्घाटन, आणि हे आज सांगता? तुमच्या ऑफिसात आपसात बोलत नाही का?"

"बोलले. त्यांनी ऐकलं नाही."

"म्हणजे भांडण माझ्या दारात आणलंत."

विद्यानं प्रिंटवर दोन शब्द दाखवले, मग खालचे तीन. जोहरानं त्यावर बोट फिरवलं. फलकाचा अरबी मसुदा काढला आणि रागानंच वाचला. "अरबीत तर हा फरक आम्ही आजही करतो. सगळं वाक्य बदलेल." तिनं तिथंच मोबाइल उचलला. चंद्रहासचा आवाज विद्यालाही ऐकू आला: मुलगी नवखी आहे, हेकट आहे.

जोहरानं विचारलं, "नवखी असो. तो शब्द कसा लिहिलाय, तेवढं सांगा. यात् आहे की नाही?"

पलीकडे स्कॅन उघडताना माउसच्या दोनतीन टिचक्या ऐकू आल्या.

"आहे," चंद्रहास म्हणाला.

फलक बदलला. त्याच संध्याकाळी विद्याला नोटीस मिळाली, आणि एनओसी मिळणार नाही असं तोंडीही सांगितलं गेलं. व्हिसा रद्द झाला. निघायच्या आदल्या दिवशी जोहराचा मेल आला: नोंदीसाठी लेखी टिपण हवं, सहीसह. आभाराचा शब्द नाही.

अर्ध्या भरलेल्या बॅगेशेजारी बसून विद्यानं लिहिलं. मूळ शब्द, आजचं लेखन, अर्थ: त्या स्त्रिया एकट्याच आत गेल्या. खाली स्वतःचं पूर्ण नाव टाकलं आणि पाठवून दिलं. मग उरलेले कपडे कोंबून बॅगेवर गुडघा दाबला. राग अजून गेला नव्हता, आणि तिला तो जायलाही नको होता.